गावची मिनी डाळ मिल: नवा माल की नवं गिऱ्हाईक?

मिलवाला_दारव्हा

रामराम मंडळी. दारव्हा तालुक्यात आमची मिनी डाळ मिल आहे. वडिलांनी सुरू केली, आता मी आणि धाकटा भाऊ पाहतो. काम फक्त भरडाईचं. कास्तकार तूर आणतो, आम्ही डाळ करून देतो, क्विंटलला 500 रुपये घेतो. माल त्याचा, डाळ त्याची, चुनी-टरफलही तोच घेऊन जातो. वर्षाला साधारण 600 क्विंटल भरडतो, म्हणजे तीन लाखांची भरडाई. त्यातून वीज, तेल, दोन मजूर आणि रोलरची घासाई जाऊन निम्मे उरतात.

मागच्या तीन वर्षांपासून आकडा तिथंच अडकलाय. आजूबाजूच्या गावांत अनुदानावर अजून दोन मिली उभ्या राहिल्या. एका उद्योजकता प्रशिक्षणात चार खान्यांचा तक्ता शिकवला: एका बाजूला जुना माल-नवा माल, दुसऱ्या बाजूला जुना बाजार-नवा बाजार. तिथं भरलेला माझा तक्ता असा आहे.

जुना माल, जुना बाजार: याच गावांतून जास्त तूर ओढायची, दर 450 करायचा.
नवा माल, जुना बाजार: याच कास्तकारांना हरभरा डाळ, बेसन, हळद-मिरची दळून द्यायची.
जुना माल, नवा बाजार: स्वतःची तूरडाळ किलोच्या पाकिटात भरून पुण्या-नागपूरला विकायची.
नवा माल, नवा बाजार: चुनी-टरफलावर पशुखाद्याचा कारखाना.

सरांनी सांगितलं की चौथा खाना सगळ्यात जोखमीचा, तो सोडा. उरलेल्या तिघांत घरात एकमत होत नाही. भावाचा जीव पाकिटांत अडकलाय. तुम्ही काय कराल?

पुणेरी_विदर्भी

तुमचा भाऊ बरोबर आहे. मी पुण्यात राहतो. आमच्या सोसायटीत गावाकडची बिनपॉलिशची तूरडाळ म्हटलं की लोक किलोला 180 सुद्धा देतात आणि भाव विचारत नाहीत. तुमची डाळ तीच, मशीन तेच, फक्त गिऱ्हाईक नवं. म्हणजे तिसरा खाना, आणि तो काही फार जोखमीचा नाही. 500 रुपये क्विंटलची मजुरी किती दिवस करणार? ब्रँड करा. लेबलचं डिझाइन मी फुकट करून देतो.

ढेपवाला_मूर्तिजापूर

भाऊ, पशुखाद्याचं म्हनता तर मी सांगतो. मी सरकी ढेप अन् चुनी इकून रायलो सात-आठ वर्षांपासून. चुनीले मागनी लय हाय, दुधवाले हातोहात नेतात. कारखाना कायले पाह्यजे? नुसती चुनी गोनीत भरून इका. माह्याकडं आणून टाका, मी घेतो. किती निघते वर्षाची?

मिलवाला_दारव्हा

ढेपवाले दादा, चुनी आमची नाही ना! कास्तकार सोबत नेतो, त्याच्या घरी म्हैस असते.

ढेपवाला_मूर्तिजापूर

मंग भरडाई 500 च्या जागी 350 घ्या अन् चुनी ठेवून घ्या. आमच्या इकडं अशाच चालतात मिली.

मीना_वर्धा

मी शेतकरी उत्पादक कंपन्यांबरोबर काम करते. तीन डाळ मिलींचे हिशेब जवळून पाहिलेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

मिलवाले दादा, तुमच्या तक्त्यातला तिसरा खाना चुकीच्या जागी बसलाय. पुण्याला पाकिटं विकणं हे 'जुना माल, नवा बाजार' नाही. तुम्ही आज डाळ विकतच नाही. तुम्ही भरडाई विकता. तुमचा माल म्हणजे डाळ करून देण्याची सेवा आणि तुमचं गिऱ्हाईक म्हणजे कास्तकार. ज्या दिवशी तुम्ही स्वतःच्या पैशानं तूर घ्याल त्या दिवशी तुम्ही धान्याचे व्यापारी झालात. माल नवा, गिऱ्हाईक नवं. म्हणजे तुमच्या सरांनी जो चौथा खाना सोडायला सांगितला, त्यातच तुमचा भाऊ उभा आहे, फक्त पाटी तिसऱ्याची लावून.

इगोर अॅन्सॉफ यांनी 1957 मध्ये ही मांडणी केली तेव्हा चौथ्या वाटेबद्दल त्यांचं मुख्य म्हणणं असं होतं की बाकीच्या तीन वाटा बहुतेक वेळा आहे त्याच कसबावर, यंत्रावर आणि पैशावर चालतात. चौथीला नवं कसब, नवी साधनं लागतात. म्हणून खाना ठरवताना मशीन तेच आहे का एवढंच विचारून भागत नाही. तुमच्याकडे तूर खरेदी करणारा माणूस आहे का? गोदाम आहे का? पैसे दीड महिना अडकले तर मिल चालेल का?

आता हिशेब मांडू. एका मिलवर आम्ही एक क्विंटल तूर तोलून घेतली आणि निघालेली प्रत्येक गोष्ट वेगळी तोलली. डाळ 71 किलो, चुनी आणि तुकडा 14, टरफल 11, उरलेले 4 किलो कचऱ्यात आणि ओलाव्यात गेले. तूर 7,500 नं घेतली असं धरा. भरडाईचे 500 मिळवा, चुनी-टरफलाचे 400 वजा करा. 7,600 भागिले 71, म्हणजे डाळ तुम्हाला 107 रुपये किलोला घरात पडली. पाकीट, लेबल, भाडं, दुकानदाराचं कमिशन, फुटलेली पाकिटं हे सगळं यापुढचं. तरी 107 आणि 180 मध्ये अंतर दिसतं, म्हणून सगळ्यांना मोह होतो.

पण तुरीचा भाव कुठं थांबतो? 2024 च्या पावसाळ्यात ती दहा हजारांच्या वर होती, 2025 च्या सुरुवातीला साडेसातच्या आसपास आली. 2021 मध्ये आयात खुली झाली. म्यानमार आणि आफ्रिकेतून माल येतो, त्यावर तुमचा ताबा नाही. तुम्ही 100 क्विंटल घेऊन ठेवली आणि भाव हजारानं उतरला, तर एक लाख गेले. तुमची वर्षाची अख्खी भरडाई तीन लाख, त्यातला तिसरा हिस्सा एका घसरणीत. आज भाव कितीही पडला तरी तुमचे 500 रुपये तसेच राहतात. ही सुरक्षितता तुमच्या धंद्याचा कणा आहे आणि भाऊ नेमकी तीच विकायला निघालाय.

पुणेरी_विदर्भी

मीनाताई, भाव चढला तर लाख मिळतीलही की. तुम्ही फक्त घसरण धरली.

मीना_वर्धा

मिळतील. पण मग ती तुरीवरची सट्टेबाजी झाली, मिलची वाढ नाही. आणि जो व्यापारी ती रोज करतो त्याच्याकडे बाजार समितीतली खबर असते, पाच मोंढ्यांचे फोन असतात. मिलवाल्यांकडे ते नाही.

कर_सल्ला_अकोला

पाकिटाच्या वाटेवरची कागदपत्रं लिहितो, नंतर कुणी विचारायला नको. सुटी डाळ करमुक्त, पण जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पाकिटावर 5 टक्के जीएसटी सुरू झाला. अन्न परवाना लागेल. पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, भरल्याचा महिना, भरणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन हे सगळं छापावं लागतं, आणि वजनमापवाले तपासतात. अवघड काही नाही, पण हे महिन्याचं काम आहे, एकदा करून सुटत नाही.

खामगावकर

एक राहिलं. माझ्या मावसभावानं पाकिटं केली होती. उन्हाळ्यात भरलेला माल ऑगस्टमध्ये परत आला, प्रत्येक पाकिटात भुंगे. डाळ नीट वाळली नव्हती, हाताला कोरडी लागली म्हणून भरून टाकली. दाण्यात ओल राहिली की पावसाळ्यात ती कळतेच. दुकानदार परतीचा माल पुढच्या बिलातून कापतो, विचारत नाही. वर त्या दुकानदाराची दीड महिन्याची उधारी वेगळीच.

तरी मी म्हणेन की पहिल्या खान्यावर जोर द्या. दर 450 केला तर दोन्ही नव्या मिली बसतील.

मिलवाला_दारव्हा

450 ची भीती वाटते हो. मी उतरवला की ते 400 करतील, त्यांना बँकेचा हप्ता भरायचा आहे. पण पहिल्या खान्यात किती जागा आहे हे मोजायचं तरी कसं?

मीना_वर्धा

सोपं आहे. तुमच्याकडे येणारी तूर घरच्या खाण्याची असते, विकायची तूर थेट बाजार समितीत जाते. किती गावं, किती घरं, त्यातली किती घरं घरची तूर भरडून घेतात आणि दर घरी किती, एवढंच सांगा.

मिलवाला_दारव्हा

सहा गावं. सगळी मिळून 1,800 घरं धरा. निम्म्या घरी तरी घरची तूर असते. वर्षाला एका घरी 80 किलोच्या आसपास, पोरी-जावयाकडे पाठवायची त्यातच आली.

मीना_वर्धा

900 घरं गुणिले 80 किलो, म्हणजे 720 क्विंटल. त्यातले 600 तुमच्याकडेच येतात. दोन नव्या मिलींनी तुमचं गिऱ्हाईक फार खाल्लेलं नाही, त्यांना बहुतेक पलीकडच्या गावांवर जगावं लागतंय. पहिल्या खान्यात फार तर 120 क्विंटल उरलेत, आणि त्यासाठी दर उतरवला तर आहे त्या 600 वर 50 रुपयांप्रमाणे 30,000 सोडावे लागतील. सगळे 120 आले तरी 54,000 मिळतील, त्यातला निम्मा खर्च. म्हणजे 27,000 साठी 30,000 सोडायचे. खामगावकर, राग मानू नका.

खामगावकर

राग कसला. पण 80 किलो जास्त वाटतं. आमच्याकडे 50 च्या वर जात नाही कुणी.

मीना_वर्धा

50 धरलं तर एकूण 450 क्विंटल होतात आणि हे 600 भरडतात. म्हणजे एक तर घरटी तूर जास्त आहे किंवा सहा गावांबाहेरून माल येतोय. दादा, वहीत गिऱ्हाइकाचं गाव लिहिता का? नसाल तर या हंगामापासून लिहा. बाहेरून येत असेल तर त्याचा अर्थ वेगळा निघेल.

मिलवाला_दारव्हा

नाव आणि वजन लिहितो, गाव नाही. आठवून पाहिलं तर दिग्रसच्या बाजूची काही माणसं येतात खरी.

गिरणीवाली_काकू

दुसऱ्या खान्याबद्दल कुणी बोलतच नाही. आमची पिठाची आणि मसाल्याची गिरणी आहे. बाळा, मिरची-हळद दळायची असेल तर मशीन वेगळं घ्यावं लागतं आणि खोलीही वेगळी लागते. डाळीच्या गाळ्यात मिरची दळली तर ठसका लागून एकही बाई परत येणार नाही. बेसनाला श्रावण ते दिवाळी चांगली मागणी असते, तेव्हा तुझी मिल रिकामी असेल. पण बेसनाला आधी हरभऱ्याची डाळ हवी. हरभरा भरडतोस का आत्ता?

मिलवाला_दारव्हा

मागणी आहे काकू, लोक विचारतात. पण हरभरा निघतो फेब्रुवारी-मार्चला. तेव्हाच तूर येते. आमच्या मिलची ताकद दिवसाला आठ क्विंटल, ती कधी पूर्ण वापरली जात नाही. तरी एप्रिलमध्ये दारात पोत्यांची थप्पी लागते.

मीना_वर्धा

थप्पी मशीनच्या आधी लागते की नंतर?

मिलवाला_दारव्हा

रोलरवर एकदा घासून, तेल लावून, रात्रभर ढीग मारून झाल्यावर तूर खळ्यावर टाकतो. दोन-तीन दिवस ऊन लागतं. मग पाणी मारून पुन्हा ढीग, पुन्हा ऊन. थप्पी तिथं लागते. खळं लहान आहे.

मीना_वर्धा

म्हणजे तुमची अडचण मशीन नाही, खळं आहे. हे तक्त्यात कुठंही दिसणार नाही. हरभऱ्याला तुरीइतके लाड लागत नाहीत, पण वाळवण लागतंच, आणि त्याच महिन्यात. दुसऱ्या खान्यातला हरभरा त्याच खळ्यावर त्याच एप्रिलमध्ये येऊन बसेल आणि तुमचा तुरीचा कास्तकार चार दिवस जास्त थांबेल. तो एकदा दुसऱ्या मिलकडे गेला की परत येईल याची खात्री नाही. पाकिटांच्या भानगडीपेक्षा शेजारच्या जागेवर सिमेंटचा कोबा टाकणं हीच कदाचित तुमची पहिली गुंतवणूक.

पुणेरी_विदर्भी

सोलर ड्रायर का नाही? सरकारी योजनेत 35 टक्के अनुदान आहे, पीएमएफएमईमध्ये. म्हणजे तिसरा हिस्सा फुकट.

कर_सल्ला_अकोला

फुकट नाही. आधी बँकेचं कर्ज मंजूर व्हावं लागतं, स्वतःचे 10 टक्के टाकावे लागतात, आणि अनुदान हातात न येता कर्जखात्याशी जोडून ठेवतात. तीन वर्षं खातं नियमित राहिलं की मग ते वळतं होतं. मध्ये हप्ते थकले तर पंचाईत. योजना चांगली आहे, पण '35 टक्के आहे म्हणून घेऊ' हे कारण नव्हे. याच अनुदानावर तुमच्या शेजारी दोन मिली उभ्या राहिल्या असतील.

मिलवाला_दारव्हा

अगदी तसंच. मग मीनाताई, तिसऱ्या खान्यात खरं काय बसतं? भरडाई तीच आणि गिऱ्हाईक नवं असं कोण आहे?

मीना_वर्धा

ज्यांची स्वतःची तूर आहे आणि ज्यांना डाळ विकायची आहे, पण मिल नाही. शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गटांचे महासंघ, सेंद्रिय शेतीवाले गट. तूर त्यांची, भाव पडला तर नुकसान त्यांचं, पुण्याची उधारी त्यांची. तुम्ही भरडून, प्रतवारी करून, 50 किलोच्या पोत्यात भरून द्यायचं. 200 क्विंटलचं एक गिऱ्हाईक मिळालं तर वर्षाला लाखाची भरडाई वाढते आणि तुरीत एक रुपया अडकत नाही.

दोन गोष्टी मात्र बदलतात. घरगुती कास्तकार तोलून डाळ घेत नाही. तोंडानं 'बरी निघाली' म्हणतो आणि जातो. कंपनीवाले उतारा विचारतील, 70 किलो हमी द्या म्हणतील. ओलसर तूर आली तर 70 निघणार नाहीत, म्हणून माल उतरवतानाच ओलावा मोजून वहीवर दोघांच्या सह्या घ्या आणि हमी त्या ओलाव्याला बांधा. आणि त्यांच्या तुरीतला एक क्विंटल आधी वेगळा भरडून दाखवा, त्याचे आकडे लिहा. चुनी कुणाची हेही त्याच कागदावर ठरवा, नाही तर भांडण तिथूनच सुरू होतं.

दुसरं म्हणजे हंगाम. त्यांना एप्रिलमध्ये घेऊ नका. गावातली माणसं वर्षाचं धान्य भरायला उन्हाळ्यातच येतात, ती रांग मोडू नका. साबूत तूर टिकते, नीट ठेवली तर. ती सांभाळणं कंपनीच्या गोदामाचं काम. ऑक्टोबरचं ऊन वाळवणाला उत्तम, आणि त्यांनाही दिवाळीला डाळ हवी असते.

ढेपवाला_मूर्तिजापूर

ताई, ऑक्टोबरात मजूर कुठून आणता? सोयाबीनची सोंगनी अन् लगोलग कापूस येचनी. आमच्याकडं दुप्पट रोजी देऊन मानूस भेटत नाही. खळ्यावर तूर पसराले कोन येईल?

मिलवाला_दारव्हा

हे खरं आहे. आमचे दोघंही मजूर दसऱ्यापासून सोंगणीला जातात, त्यांना थांबवलं तर पुढच्या वर्षी येणार नाहीत.

मीना_वर्धा

मुद्दा बिनतोड आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर ढकलता येईल का? ऊन कमी मिळेल, दोनाऐवजी चार दिवस लागतील, पण खळं तेव्हा रिकामंच असतं. दिवाळी मात्र हुकेल आणि कंपनी त्यावर अडून बसू शकते. याचं उत्तर मी इथून देऊ शकत नाही.

गिरणीवाली_काकू

आमच्या बचत गटाच्या बाया सोंगणीला जात नाहीत सगळ्या. वयस्क चार-पाच जणी घरी असतात, त्यांना वजन उचलायचं नसलं आणि नुसतं पसरायचं-हलवायचं असलं तर येतात. गोण्या उचलायला तुम्ही दोघं भाऊ आहातच.

खामगावकर

एकाच कंपनीवर 200 क्विंटल ठेवू नका एवढं सांगतो. त्यांचे संचालक बदलले की गिऱ्हाईक गेलं. आमच्याकडे अशीच एक कंपनी वर्षभर पैसे देत नव्हती.

मीना_वर्धा

म्हणून डाळ उचलायच्या आधी भरडाई चुकती. माल तुमच्या ताब्यात असतो, त्याचा तेवढा फायदा घ्यायचाच. 200 ऐवजी पहिल्या वर्षी 50-60 क्विंटलचे दोन गट घ्या.

पुणेरी_विदर्भी

मला अजूनही वाटतं की तुम्ही सगळे मिळून त्याच्या भावाचा उत्साह मारताय. मजुरीवर कुणी मोठं झालंय का? पाकिटाचा धंदा शिकायला कधी तरी सुरुवात करावीच लागेल. भाव पडण्याची भीती असेल तर थोडीच तूर घ्या.

मीना_वर्धा

थोडी म्हणजे किती, हे ठरलं तर माझा विरोध नाही. घरच्या वावरातली तूर असेल तर ती पाकिटात भरून तुमच्या सोसायटीत पाठवू द्या. ती तशीही बाजार समितीत जाणारच होती, त्यामुळे बाहेरचा पैसा गुंतत नाही. त्यातून भुंगे, लेबल, उधारी सगळं कळेल. फक्त त्याच्यासाठी बँकेकडून कर्ज काढून तूर भरू नये.

मिलवाला_दारव्हा

घरची 14 क्विंटल तूर होते. भावाला हा धागा दाखवला. तो म्हणतो 14 नं काही होत नाही, 100 पाहिजे. मी म्हणतो आधी 14 विकून दाखव. सध्या एवढ्यावर गाडी अडली आहे.

कोब्याचा अंदाज एका गवंड्याकडून मागवलाय. वहीत गावाचा रकाना आजपासून घातला. कारंज्याच्या बाजूला एक उत्पादक कंपनी आहे असं ऐकलं, त्यांच्याकडे तूर गोळा होते पण भरडाईला लांब पाठवतात म्हणे. मीनाताई, त्यांच्याशी बोलताना दर आधी मी सांगू की त्यांना सांगू द्यावं?

मीना_वर्धा

आधी विचारा की सध्या क्विंटलला भरडाई किती देतात आणि गाडीभाडं किती पडतं. दोन्ही मिळून जो आकडा येईल त्याच्या आत तुमचा दर. 500 हा गावचा दर आहे, तो त्यांना सांगायची गरज नाही.

ढेपवाला_मूर्तिजापूर

अन् चुनी ठेवून घ्याले इसरू नका. कंपनीच्या घरी म्हशी नसतात.